‘तू’ म्हटल्यावर परत काय येतं? मराठी आणि हिंदीतल्या संबोधनांचा इतिहास

आजचा विषय लहान दिसतो. मोठ्या माणसाला उत्तर देताना ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘आपण’, मित्राला ‘तू’ म्हणायचं, हिंदीत ‘तुम’ की ‘आप’. यात इतिहास कसला, असं कुणालाही वाटेल. पण मी सुरुवात कर्णपर्वापासून करणार आहे, कारण तिथे एका सर्वनामावरून भावाचा खून व्हायचा राहिला.

प्रसंग तुम्हाला माहीत असेल. कर्णाने घायाळ केलेला युधिष्ठिर छावणीत परतला आहे. अर्जुन येतो. युधिष्ठिराला वाटतं, हा कर्णाला मारूनच आला. तसं नाही हे कळल्यावर तो संतापतो आणि म्हणून जातो की तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. आता अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा अशी, की गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचा मी वध करीन. तो तलवार उपसतो. कृष्ण मधे पडतो आणि तोडगा काढतो. वडीलधाऱ्याला ‘त्वम्’ म्हणणं हाच त्याचा वध आहे, तेव्हा तू याला ‘त्वम्’ म्हण, प्रतिज्ञा पुरी झाली. अर्जुन तसं करतो, वर चार कठोर शब्दही ऐकवतो. मग त्याला इतका पश्चात्ताप होतो की तो स्वतःवरच तलवार उगारतो. त्यावरही कृष्णाकडे तोडगा आहे. स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात याला शिक्षाही सांगितलेली आहे. वडीलधाऱ्याला ‘त्वम्’ म्हटलं तर स्नान करावं, उरलेला दिवस उपाशी राहावं, पाया पडून प्रसन्न करून घ्यावं. त्याच श्लोकात ब्राह्मणाला नुसतं ‘हुं’ म्हणण्यालाही हेच प्रायश्चित्त आहे. लहानपणी आपल्याला दटावलेलं आठवा. ‘हं काय म्हणतोस, हो म्हण.’ ते दटावणं इतकं जुनं आहे. अर्थात महाभारतातली माणसं एरवी मोठ्यांना सर्रास ‘त्वम्’ म्हणतात. नियम आणि वहिवाट यांत तेव्हाही अंतर होतंच.

आता याच्या शेजारी गीतेचा अकरावा अध्याय ठेवून बघा. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन घाबरून क्षमा मागतो. मी तुला मित्र समजून ‘कृष्णा’, ‘यादवा’, ‘सख्या’ अशी सलगीनं हाक मारली, चेष्टा केली, ते पोटात घाल. गंमत अशी की ही क्षमा मागतानाही तो ‘त्वाम्’ असंच म्हणतो. हाक चुकली असं त्याला वाटतं, सर्वनाम चुकलं असं वाटत नाही. म्हणजे भावाला ‘त्वम्’ म्हटलं तर खून, आणि प्रत्यक्ष परमेश्वराला म्हटलं तर प्रार्थना. एकच शब्द, पण दोन अर्थ. हे कोडं मराठीनं जसंच्या तसं घेतलं. तुकोबा विठ्ठलाला ‘तू’ म्हणतात, जनाबाई तर चक्क अरे-तुरे करते. आणि त्याच समाजात सून सासऱ्यासमोर ‘तू’ उच्चारणं कल्पनेपलीकडचं.

याचं उत्तर शब्दात शोधू नका. ते परत येणाऱ्या शब्दात आहे. मी तुम्हाला काय म्हणतो यावरून आपलं नातं कळत नाही. मी काय म्हणतो आणि उलट मला काय मिळतं, या जोडीवरून कळतं. ‘तू’ला ‘तू’ परत आला तर दोस्ती. ‘तुम्ही’ला ‘तुम्ही’ आला तर परस्परांचा मान, किंवा नुसती ओळख. ‘तुम्ही’ म्हणावं आणि ‘तू’ मिळावं, तिथे एक वर आहे आणि एक खाली. 1960 साली रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोघांनी युरोपीय भाषांबद्दल हे नीट मांडलं. त्यांनी दोन बाजू सांगितल्या, सत्ता आणि आपलेपणा. आपल्याकडे शेतावरचा गडी आणि पाटील यांना हे कुणी मांडून दाखवायची गरज नव्हती.

पण आधी भाषेचं बघू. एका माणसाला मान द्यायचा तर भाषेपुढे दोन वाटा असतात. पहिली, एकाला अनेक समजायचं. तुम्ही एकटे असलात तरी ‘तुम्ही आलात’. दुसरी, समोरच्याकडे थेट बोटच दाखवायचं नाही, तो जणू तिसराच कुणी आहे असं बोलायचं. संस्कृतानं मुख्यतः ही दुसरी वाट धरली. ‘भवान्’ म्हणायचं आणि क्रियापद तृतीय पुरुषी लावायचं. प्राकृतात ‘तुम्हे’ होतं. त्यातून मराठीचं ‘तुम्ही’ आलं आणि हिंदीचं ‘तुम’ही आलं. दोघं सख्खे भाऊ. सुरुवातीला दोन्हींचं काम एकच, अनेकांना आणि आदरानं एकाला संबोधणं.

पुढे हिंदीत ‘आप’ आलं आणि वरच्या पायरीवर बसलं. ‘आप’ म्हणजे मुळात ‘स्वतः’. आत्मन्, त्यातून अप्पा, त्यातून आप. त्यानं क्रियापद घेतलं ते तिसऱ्या पुरुषाचं. ‘तुम हो’, पण ‘आप हैं’. म्हणजे संस्कृतातल्या ‘भवान्’ची वाट पुन्हा उघडली. वरती नवी पायरी झाली की जुनी आपोआप खाली सरकते. हिंदीतला ‘तुम’ असा खाली आला. आज तो मित्राला, धाकट्याला, बायकोला, हाताखालच्याला. मराठीत मात्र ‘आपण’ रोजच्या बोलण्यात उतरलंच नाही. ते लग्नपत्रिकेत, सभेत, अर्जात राहिलं. त्यामुळे ‘तुम्ही’ला कुणी खाली ढकललं नाही. ते आजही वडिलांना, सरांना, डॉक्टरांना पुरतं.

मराठी माणसाची हिंदी घसरते ती इथे. तो मनातल्या मनात ‘तुम्ही’चं ‘तुम’ करतो. इंदूरच्या किंवा कानपूरच्या सत्तर वर्षांच्या गृहस्थांना अत्यंत आदरानं विचारतो, ‘तुम कब आओगे?’ त्याच्या मनात आदर भरलेला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, नातवाच्या वयाचा मुलगा मला बरोबरीनं बोलतोय. दोघांपैकी कुणाचाच हेतू वाईट नाही. शब्द एकाच घरातून निघाले आणि वेगवेगळ्या मजल्यांवर राहायला गेले, एवढंच.

मग कुणीतरी सांगतं की बाबा, ‘आप’ म्हणावं. तो ‘आप’ म्हणायला लागतो, पण ‘आप बैठो’ असं. का? मराठीत ‘तुम्ही बसा’ आणि ‘आपण बसा’, क्रियापद एकच. सर्वनाम बदललं तरी क्रियापदाला हात लावायची आपल्याला सवयच नाही. प्रमाण हिंदीत तीन पायऱ्यांची तीन क्रियापदं आहेत. तू बैठ, तुम बैठो, आप बैठिए. ‘आप बैठो’ म्हणजे टोपी एकाची आणि सदरा दुसऱ्याचा. दिल्लीकडेही पुष्कळ लोक तसं बोलतात, तेव्हा त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण वडीलधाऱ्यांना लेखी उत्तर देताना ‘आइए’, ‘बताइए’, ‘आप कैसे हैं’ हे सांभाळावं. एक खूण सांगतो. ‘आप’ लिहिलंत की क्रियापद ‘वे’ला लागेल तसं लावून बघायचं. ‘वे हैं’ तसं ‘आप हैं’. ‘वे आएँगे’ तसं ‘आप आएँगे’. आज्ञार्थ तेवढा वेगळा, तिथे ‘-इए’.

मराठीतल्या ‘आपण’ची अडचण निराळी आहे. हा शब्द तीन नोकऱ्या करतो. ‘ते आपण होऊन आले’ यात तो ‘स्वतः’ आहे. ‘चला, आपण जेवू’ यात मी आणि तुम्ही दोघं आहोत. ‘आपण अध्यक्षस्थान स्वीकारावे’ यात फक्त समोरचा आहे. एरवी क्रियापद सांगतं. ‘आपण आलो’ म्हणजे दोघं, ‘आपण आलात’ म्हणजे तुम्ही. पण समजा, एका ज्येष्ठ परिचितांनी तुम्हाला लिहिलं, ‘रविवारी मिरजेच्या मैफलीला आपण येणार का?’ आता ‘येणार’ला पुरुष नाही, वचन नाही. ते तुम्हाला सन्मानानं विचारतायत, की दोघांनी मिळून जाऊ म्हणतायत? उत्तरात तुम्ही ‘हो, आपण येऊ’ असं लिहिलंत आणि त्यांचा हेतू नुसता तुमची उपस्थिती विचारण्याचा असला, तर तुम्ही त्यांना आपल्या रिक्षात बसवलंत. यावरचा साधा उपाय म्हणजे ‘आहात’ किंवा ‘आहोत’ पूर्ण करायचं. उत्तर असं द्यायचं: ‘हो, मी येणार आहे. तुम्हीही येणार असाल तर बरोबर जाऊ.’ त्यांनी तुम्हाला ‘आपण’ म्हटलेलं असेल आणि तेवढीच औपचारिक ओळख असेल, तर ‘आपणही येणार असाल तर’. त्यांनी ‘तू’ म्हटलं असेल तर तुमच्याकडून ‘तुम्ही’. आणि हेच वाक्य वर्गमित्रानं लिहिलं असेल तर? तिथे प्रश्नच नाही, तो ‘आपण दोघं’ असंच म्हणतोय. त्याला तुम्ही ‘आपण येणार आहात का’ असं उत्तर दिलंत तर तो फोन करून विचारेल, काय बिनसलं?

एक तत्त्वज्ञानाची तिरपी गोष्ट सांगतो, जुनी सवय आहे. मार्टिन बुबर यांचं ‘इश उंड दू’ हे पुस्तक 1923 चं. जर्मनमधला ‘दू’ म्हणजे आपला जवळिकीचा ‘तू’. मराठीत त्याचं नाव ‘मी आणि तू’ असंच होईल. ‘मी आणि तुम्ही’ म्हटलं तर व्याख्यान वाटेल. ‘मी आणि आपण’ म्हटलं तर ‘आपण’मध्ये मी आधीच जाऊन बसलेला असतो.

असो. पत्रांकडे येऊ. आपल्या या भागाला पत्रांचा मोठा वारसा आहे. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून 1897 पासून छापायला घेतली. त्या काळची पत्रं वाचताना पहिल्यांदा नजरेत भरतो तो मायना. ‘राजश्री’ कुणाला, ‘श्रीमंत’ कुणाला, ‘तीर्थरूप’ कुणाला, ‘चिरंजीव’ कुणाला, आशीर्वाद लिहायचा की नमस्कार की दंडवत. पत्रलेखनाचे हे नियम सांगणारं ‘मेस्तक’ हेमाडपंताच्या नावावर सांगितलं जातं. म्हणजे या शास्त्राची मुळं यादवकाळात आहेत असं परंपरा मानते. मायना लिहून झाला की नातं ठरलं. पुढे पत्रात सर्वनाम आलं काय आणि नाही काय. पुष्कळदा येतच नाही. ‘स्वामींनी आज्ञा केली’, ‘वडिलांनी लिहिले ते पावले’. समोरच्याला ‘स्वामी’, ‘वडील’ म्हणून तिसरा करून टाकायचं. लीळाचरित्रातही भक्तांच्या तोंडी चक्रधरांसाठी असंच ‘गोसावी’ आहे. पहा, ही तीच ‘भवान्’ची वाट. मराठीनं ती सर्वनामात फार घेतली नाही, पण पत्रात मनसोक्त घेतली.

आणि जोडी इथेही असमान आहे. मुलानं बापाला ‘तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार’ लिहायचं, बापानं उलट ‘चिरंजीव, अनेक आशीर्वाद’. नमस्काराला नमस्कार परत येत नाही. माझ्या पिढीनं हे शेवटचं पाहिलं. वसतिगृहातून आईला पत्र लिहिताना वर ‘ती. सौ. आईस शि. सा. नमस्कार’ आणि लगेच खाली ‘तुझं पत्र मिळालं’. मायन्यात साष्टांग घालायचं आणि मजकुरात कुशीत शिरायचं.

हे मात्र वडिलांच्या पत्रात चालत नसे. तिथे मजकुरातही ‘तुमचे पत्र मिळाले’. आई ‘तू’ आणि वडील ‘तुम्ही’, हे मराठी घराचं जुनं वैशिष्ट्य. गावाकडे अजूनही ऐका. ‘आये, जेवलीस का?’ आणि लगेच ‘आण्णा, कवा आलासा?’ तो ‘सा’ आपल्याकडचा खास. पुण्याकडे ‘आलात’, आपण ‘आलासा’, ‘चाललासा’. नुसतं क्रियापद ऐकून कळतं की समोर मोठं माणूस आहे. जतकडे कानडी घरांत गेलात तर तिथे ‘नीनु’ आणि ‘नीवु’ हीच जोडी आहे, आणि शब्दाच्या शेवटी लागणारं ‘री’ आपल्या ‘हो’चं काम करतं.

आईला ‘तू’ का? लोक म्हणतात, प्रेम. प्रेम आहेच. पण मला वाटतं, अर्धंच उत्तर आहे ते. आईला घरात सगळेच ‘तू’ म्हणत. नवरा, सासू, सासरा, थोरला दीर. मूल ज्या वयात बोलायला शिकतं त्या वयात त्याला आईसाठी दुसरं सर्वनाम ऐकूच येत नसे. वडिलांना मात्र खुद्द आई ‘अहो’ म्हणे. पोरानं दोन्ही शब्द आईच्या घरातल्या जागेवरून उचलले. म्हणून आईच्या ‘तू’त माया आणि तिचा कमी मान हे दोन्ही मिसळलेले आहेत, आणि ते वेगळे काढता येत नाहीत.

नवरा-बायकोंची जोडी तर उघडच असमान. तो ‘अगं, तू’. ती ‘अहो, तुम्ही’. नाव घ्यायची सोय नाही, म्हणून नाव घेण्यापुरता उखाणा. रमाबाई रानडे यांनी 1910 साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिलं. त्यात न्यायमूर्तींचा उल्लेख त्या ‘स्वतः’ असा करतात. हिंदीतला ‘आप’ मुळात ‘स्वतः’च, हे मघाशी सांगितलं. हिंदी भाषेनं काही शतकांत जे केलं, ते एका बाईनं आपल्या पुस्तकात अडचणीतून वाट काढताना केलं. पुढे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हटलं. दोन्ही पुस्तकं नवऱ्यावर जीव असलेल्या बायकांची आहेत. पण पंचवीसेक वर्षांत ‘स्वतः’पासून ‘टिळक’पर्यंत आलेलं अंतर मला कुठल्याही सुधारणेच्या ठरावापेक्षा बोलकं वाटतं.

बायकांनी यातून आणखी एक युक्ती काढली, आणि ती आजही सगळ्यांच्या उपयोगाची आहे. मराठीत सर्वनाम गाळलं तरी क्रियापद चुगली करतं. ‘आलास’ म्हटलं की ‘तू’ कळला, ‘आलात’ म्हटलं की ‘तुम्ही’. मग असं क्रियापद घ्यायचं की ज्याचा समोरच्याशी संबंधच नाही. ‘ऐकलं का?’ यात ‘तू’ नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. ‘जेवण झालं का?’ ‘कधी यायचं?’ ‘चहा ठेवायचा का?’ नव्यानं लग्न झालेली मुलगी, जिला नवऱ्याला ‘अहो’ म्हणायचं नाही आणि सासूसमोर ‘तू’ म्हणायचं धाडस नाही, ती महिना महिना याच वाक्यांवर काढते. तुम्हालाही कुणाला काय म्हणावं कळेना, वयानं लहान पण हुद्द्यानं मोठा साहेब असेल किंवा पुष्कळ वर्षांनी भेटलेला शाळूसोबती असेल, तर दोन वाक्यं अशी टाका आणि त्याच्याकडून काय येतं ते ऐका. तिसऱ्या वाक्याला ठरवा. हिंदीत ही पळवाट अरुंद आहे. पण ‘खाना हो गया?’, ‘कब निकलना है?’ एवढी आहेच.

हाकेला ओ देण्यातही हाच भेद आहे. मोठ्यांनी हाक मारली तर ‘ओ!’, मित्रानं मारली तर ‘काय रे?’ किंवा आपल्याकडे ‘काय ल्येका?’ हिंदीत मोठ्यांना ‘जी’. मराठी माणूस तिथे ‘हाँ’ म्हणतो, ‘हो’चा अनुवाद म्हणून. अर्थ बरोबर, पण मराठीत ‘हो’मध्ये आदर पुरेसा असतो, हिंदीत नुसत्या ‘हाँ’मध्ये पुरत नाही. ‘जी’ किंवा ‘जी हाँ’ लागतं.

आता जरा कडू भागाकडे. आतापर्यंत घर बघितलं. गावात हीच असमान जोडी जातीवर उभी होती. वयाचा काही संबंध नव्हता. महारवाड्यातल्या सत्तरीच्या माणसाला पाटलाचं दहा वर्षांचं पोर ‘तू’ म्हणे, नावाला ‘या’ लावून हाक मारी, आणि त्या म्हाताऱ्यानं उलट ‘जोहार मायबाप’ म्हणायचं. हा ‘या’ लक्षात घ्या. दोस्त दोस्ताला ‘राम्या’, ‘पक्या’ म्हणतो तेव्हा उलट त्यालाही ‘या’ लागलेलंच असतं. म्हणून ते गोड. जिथे उलट काही म्हणायची मुभा नाही तिथे तोच ‘या’ चाबूक. पुढे ‘जोहार’ गेला आणि ‘जय भीम’ आला. त्यातला मोठा बदल असा की ‘जय भीम’ला ‘जय भीम’ परत येतो. जोडी समान झाली.

समानता आणायच्या दोन वाटा असतात. सगळ्यांना ‘तू’, किंवा सगळ्यांना ‘तुम्ही’. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर 1793 मध्ये पहिली वाट धरली. नागरिकानं नागरिकाला ‘तू’च म्हणावं, ‘तुम्ही’ म्हणजे सरंजामी खूण. ती फार टिकली नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकरांनीही कुणाचा हुद्दा न बघता सर्वांना ‘तू’ म्हणायचं ठरवलं, त्यासाठी मार खाल्ला. इंग्रजी भाषा मात्र उलट गेली. तिनं ‘तू’ टाकून दिला आणि कुत्र्यालाही ‘तुम्ही’ म्हणायला लागली.

मराठीत ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘तू’च मिळाला त्यांनी सर्वांना ‘तू’ म्हणा अशी मागणी केली नाही. कशी करतील? त्यांना हवा होता ‘अहो’. म्हणून आपल्याकडे समानता दोन विरुद्ध दिशांनी आली, आणि ती एकाच वेळी आली. घरात ती ‘तू’च्या दिशेनं आली. वडील ‘तू’ झाले, नवरा नावानं ‘तू’ झाला. घराबाहेर ती ‘तुम्ही’च्या दिशेनं आली. रिक्षावाले, भाजीवाल्या मावशी, शिपाई ‘तुम्ही’ झाले. नातू बापाला ‘तू’ म्हणतो म्हणून संस्कार गेले असं कुणी म्हणतं, तेव्हा मी विचारतो, तोच नातू कामाला येणाऱ्या मावशींना काय म्हणतो? बहुतेक वेळा ‘मावशी, तुम्ही’ म्हणतो. आमच्या पिढीनं किती जणींना ‘तुम्ही’ म्हटलं होतं? तेव्हा संस्कार गेले नाहीत, त्यांनी घर बदललं.

अर्थात सगळीकडे बदललेलं नाही. एखाद्या कार्यालयाच्या खिडकीशी अर्धा तास उभे राहून बघा. पंचविशीतला कारकून धोतर नेसलेल्या शेतकऱ्याला म्हणतो, ‘कागद कुठाय तुझा?’ आणि त्याच्याच मागे उभ्या इस्त्रीच्या शर्टाला म्हणतो, ‘सर, आपलं काय?’ वय, ओळख, नातं यांपैकी काहीच त्यानं बघितलं नाही. कपडे बघितले. शेतकरी उलट ‘साहेब, तुमी’च म्हणतो. ही जोडी ऐकू आली की तिथे काय चाललंय ते वेगळं सांगावं लागत नाही. कधी तोच कारकून शेतकऱ्याला ‘काका, तू बस’ म्हणतो, तेव्हा नीट ऐकावं लागतं. आपल्या भागात ‘काका, तू’ हे खरंच घरचं असू शकतं. मग बघायचं की शेतकरी त्याला उलट ‘तू’ म्हणू शकतो का. ‘लेकरा, तू बघ की जरा’ असं तो सहज म्हणाला आणि कारकुनाच्या कपाळाला आठी पडली नाही, तर ते घरचं.

राहिली शेवटची एक गोष्ट, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाण्याची. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायचं तर प्रस्ताव मोठ्यानं करायचा असतो. ‘अहो-जाहो कशाला, तू म्हण मला.’ धाकट्यानं आपण होऊन सुरू करायचं नाही, मोठ्यानं सांगितल्यावरही एकदा-दोनदा अडखळायचं. हिंदीत ‘आप’वरून ‘तुम’वर येणं असंच. ‘तुम’वरून ‘तू’वर येणं तर फारच जपून, कारण हिंदीतला ‘तू’ मराठीपेक्षा धारदार. जिवलग मित्र, आई, देव, किंवा भांडण. मराठी मुलगा दिल्लीत चार दिवसांच्या ओळखीवर ‘तू’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मैत्री असते, पण समोरच्याला ते अंगावर आल्यासारखं वाटतं.

उलटा प्रवास, म्हणजे ‘तू’वरून ‘तुम्ही’वर, हा जवळजवळ कधीच साधा नसतो. रात्री उशिरा आलेल्या पोराला आई म्हणते, ‘या, या महाराज, बसा, पान वाढलंय.’ तेव्हा त्या पोराला कर्णपर्व न वाचताच कळतं की आज काही खरं नाही. आणि दोन जुने मित्र भांडणानंतर एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणू लागले, तर मधल्या माणसाला समजुतीची दिशा ठाऊक असते. आधी दोघांपैकी एकाच्या तोंडून पुन्हा एक ‘अरे’ काढायचा.

प्रश्न असतील तर विचारा. कोणतंही सर्वनाम चालेल.